कामापुरती बोली घरची भाषा कशी होते? पिजिन आणि क्रिओल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापसा, फोंडा आणि डिचोली येथील वाचनालयांत भाषांविषयी बोलताना, आणि नंतर पत्रांतून, श्रोत्यांनी व वाचकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले ते येथे एकत्र केले आहेत. गोव्यात हा विषय निघाला की बोलणे लगेच पोर्तुगीज आणि कोकणीकडे वळते. ते स्वाभाविक आहे, पण ज्या भाषेत पिजिनची क्रिओल होताना अभ्यासकांना जवळून पाहता आली ती पापुआ न्यू गिनीतली आहे. म्हणून आधी तिच्याकडे आणि मग आपल्या किनाऱ्याकडे, असा क्रम ठेवला आहे.

१. पिजिन म्हणजे नेमके काय?

ज्यांना एकमेकांची भाषा येत नाही आणि ज्यांच्याजवळ तिसरी सामाईक भाषाही नाही, अशा लोकांना एखाद्या ठरावीक कामासाठी वारंवार एकत्र यावे लागले, तर त्या कामापुरती जी बोली तयार होते आणि रुळते तिला पिजिन म्हणतात. हा शब्द बहुधा चीनच्या कँटन बंदरातला असून, व्यापार या अर्थाच्या 'बिझनेस' या इंग्रजी शब्दाच्या तेथील उच्चारातून तो आला, असे सामान्यतः मानले जाते. पिजिन ही कोणाचीच मातृभाषा नसते. काम संपले की प्रत्येक जण आपापल्या भाषेत परततो.

गोव्यातल्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण मासळीच्या व्यापारातले आहे. नॉर्वेच्या उत्तर टोकाला रशियन व्यापारी उन्हाळ्यात पीठ घेऊन येत आणि बदल्यात मासळी नेत. त्या देवघेवीतून रुसेनॉर्स्क नावाचे पिजिन तयार झाले. तिची नोंदलेली शब्दसंख्या काहीशे इतकीच आहे, आणि 'वर', 'मध्ये', 'कडे', 'चा' ही सगळी कामे 'पो' हे एकच अव्यय करीत असे. त्या भाषेचे एक नाव 'मोया पो त्वोया' असे होते. म्हणजे ढोबळमानाने 'माझे तुझ्या बोलीत'. विसाव्या शतकाच्या आरंभी तो व्यापार थांबला आणि त्याबरोबर बोलीही संपली, कारण ती कोणाच्याही घरात पोहोचली नव्हती.

२. मग क्रिओल म्हणजे काय? ती पिजिनपेक्षा 'शुद्ध' असते का?

अशा संपर्कातून निघालेली बोली एखाद्या समाजातील मुलांची पहिली भाषा झाली की तिला क्रिओल म्हणतात. शब्दाचे मूळ पोर्तुगीज 'क्रिओलो' मध्ये असून त्यामागे वाढवणे, पाळणे या अर्थाचे 'क्रिआर' हे क्रियापद आहे. वसाहतीत, धन्याच्या घरी जन्मलेल्या आणि वाढलेल्या माणसाला आधी हा शब्द लावीत. पुढे तो अशा माणसांच्या बोलीला लागला.

शुद्ध-अशुद्धतेचा प्रश्न येथे गैरलागू आहे. क्रिओलमध्ये आईला मुलाची समजूत घालता येते, भांडता येते, प्रार्थना करता येते, स्वप्न सांगता येते. थोडक्यात, माणसाला भाषेकडून जे जे लागते ते सगळे तिच्यात असते. तिला 'मोडकी इंग्रजी' किंवा 'मोडकी पोर्तुगीज' म्हणणारा माणूस तिचे शब्द ओळखतो, पण तिचे व्याकरण त्याला ऐकू आलेले नसते. ते व्याकरण कसे असते, हे प्रश्न ५ मध्ये सविस्तर पाहू.

३. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर विक्रेते रशियन पाहुण्यांशी जे बोलतात, ते पिजिन आहे का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो. माझे उत्तर 'अजून नाही' असे आहे, आणि त्याचे कारण एका साध्या कसोटीत आहे: त्या बोलीत चूक होऊ शकते का?

एका संध्याकाळी मी हरमलला एका काजूविक्रेत्याशेजारी बराच वेळ बसलो होतो. त्याने तासाभरात तीन गिऱ्हाइकांना भाव सांगितला. एकदा इंग्रजी आकडा आणि रशियन 'हराशो', म्हणजे 'छान'. एकदा फक्त गणकयंत्रावरचा आकडा. आणि एकदा हिंदी, इंग्रजी, रशियन असे तीन शब्द वेगळ्याच क्रमाने. तिन्ही वेळा सौदा झाला आणि तिन्ही वेळा कोणी म्हणाले नाही की 'असे बोलत नाहीत'. शेजारच्या विक्रेत्याची तऱ्हा आणखी निराळी होती. अशा जुळवाजुळवीत प्रत्येकाची रीत स्वतंत्र असते. पिजिनमध्ये मात्र शब्दांचा क्रम, नकार कुठे लावायचा, मालकी कशी सांगायची हे ठरून गेलेले असते, आणि नव्या माणसाला ते शिकावे लागते. शिकावे लागते म्हणजेच ते चुकीचे बोलता येते.

४. पण कामापुरती बोली घरात शिरते कशी? एखादे खरे उदाहरण द्या.

पापुआ न्यू गिनीतली टोक पिसिन हे सर्वांत नीट अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. त्या देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. एका दरीतून दुसऱ्या दरीत गेले की भाषा बदलते, हे तेथे शब्दशः खरे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवरून मजूर क्वीन्सलँडच्या उसाच्या आणि सामोआच्या नारळाच्या मळ्यांवर नेले जाऊ लागले. आज पापुआ न्यू गिनीत असलेल्या न्यू आयर्लंड आणि न्यू ब्रिटन या बेटांवरचे तरुण सामोआतील जर्मन मळ्यांवर करारावर जात. तेथे एका झोपडीत झोपणारे चार मजूर चार भाषांचे असत. मळ्यावर आधीपासून इंग्रजी शब्दांवर उभे असलेले एक पिजिन चालत होते. ते त्यांनी उचलले, आणि करार संपल्यावर पेटीतल्या कापडाबरोबर गावी आणले. गावात परतलेल्या माणसाला ही बोली येणे प्रतिष्ठेचे ठरले आणि तरुण मुलगे ती त्याच्याकडून शिकू लागले. १८८४ मध्ये त्या भागावर जर्मनीचे राज्य आले, पण इंग्रजी शब्दांची ही बोली इतकी पसरली होती की जर्मन अधिकाऱ्यांनाही तिच्यावाचून कारभार चालवता येईना. पोलीस, तुरुंग, मिशन आणि मळा या चार ठिकाणी ती पक्की झाली.

येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की पुढची दोन-तीन पिढ्यांची वाटचाल ही प्रौढांची आहे. टोक पिसिन बोलणारे जवळजवळ सगळे लोक घरी दुसरी भाषा बोलत आणि तरीही ही बोली वाढत होती. १९६४ मध्ये तेथे प्रतिनिधिगृह स्थापन झाले तेव्हा सभासद टोक पिसिनमधून भाषणे करू लागले. कराच्या आकारणीवर वाद घालता येणारी बोली 'कामापुरती' राहिलेली नसते, मग ती कोणाची मातृभाषा असो वा नसो.

घर बदलले ते शहरांत. त्या देशात आपली भाषा बोलणाऱ्या माणसाला 'वानतोक' म्हणतात, शब्दशः 'एक-बोली'. गावात लग्ने बहुतेक वानतोकांत होत. लाए, रबाऊल, मदांग यांसारख्या शहरांत कामासाठी आलेला तरुण सेपिक नदीकाठचा आणि त्याची बायको डोंगराळ भागातली, असे होऊ लागले. नवरा-बायकोची सामाईक भाषा एकच, टोक पिसिन. शेजारीही तिसऱ्या आणि चौथ्या भाषेचे. अशा घरातल्या मुलाच्या कानावर पहिल्या दिवसापासून जी भाषा पडली ती हीच. कोणी ठरवून मुलांना पिजिन शिकवले नाही. दोघांना जोडणारी दुसरी भाषा घरात नव्हती, एवढेच.

५. मुलांची भाषा झाल्यावर व्याकरणात नेमके काय बदलते?

हे एका शब्दाच्या प्रवासातून सर्वांत स्पष्ट दिसते. तो शब्द आहे 'बाइ'.

इंग्रजीत 'थोड्या वेळाने' या अर्थाचा 'बाय अँड बाय' असा शब्दप्रयोग आहे. पिजिनमध्ये तो 'बाइमबाइ' झाला. आरंभी तो वाक्याच्या तोंडाशी, पूर्ण जोर देऊन येई: 'बाइमबाइ मी गो', म्हणजे 'नंतर मी जाणार'. (येथला 'मी' इंग्रजीतून आला आहे, मराठीशी त्याचे साम्य हा योगायोग आहे.) हा शब्द तेव्हा क्रियाविशेषण होता. 'उद्या' हा शब्द वाक्यात असेल तर तो गाळला तरी चाले, कारण काळ कळत होता. पुढे तो 'बाइ' इतकाच उरला आणि कर्त्याच्या आधीची जागा सोडून क्रियापदाजवळ येऊ लागला: 'मी बाइ गो'. वाक्यात 'उद्या' असला तरी 'बाइ' येऊ लागला. जो शब्द गरजेपुरता होता तो आता काळाचे चिन्ह झाला.

गिलियन सँकॉफ आणि सुझान लाबर्ज यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी लाए शहरात अशी कुटुंबे अभ्यासली, ज्यांत आईवडील टोक पिसिन दुसरी भाषा म्हणून अस्खलित बोलत होते आणि मुले ती पहिली भाषा म्हणून बोलत होती. 'बाइ' आईवडीलही नियमितपणे वापरत होते. फरक होता तो वजनात. आईवडिलांच्या बोलण्यात त्या शब्दाला बहुधा थोडा तरी जोर राही; मुलांच्या बोलण्यात मात्र तो अनेकदा 'ब' एवढाच उरून पुढच्या क्रियापदाला चिकटे: 'मी ब-गो'. ज्यांची ती पहिली भाषा होती ती मुले वेगाने बोलत होती, आणि वेगाने बोलताना नेहमी लागणारे लहान शब्द झिजतात. त्याच रीतीने 'चा' या अर्थाचा 'बिलोंग' शहरी तरुणांच्या बोलण्यात 'ब्लो' झाला: 'हाउस बिलोंग मी' ऐवजी 'हाउस ब्लो मी', म्हणजे 'माझे घर'.

मराठी वाचकाला ही झीज परकी वाटू नये. 'काय करतो आहेस?' हे आपण लिहितो, पण बोलताना 'काय करतोयस?' म्हणतो. 'आहे' हे स्वतंत्र क्रियापद झिजत झिजत 'य' एवढे उरते आणि शेजारच्या शब्दात विरून जाते. 'बाइमबाइ' चा 'ब' होणे हीच प्रक्रिया आहे. फक्त मराठीत ती शतकांच्या ओघात झाली आणि तेथे शंभरेक वर्षांत.

व्याकरण कुठून येते याचीही एक खूण देतो. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द आहे. टोक पिसिनमध्ये दोन आहेत: ऐकणाऱ्याला धरून 'युमी' आणि त्याला वगळून 'मीपेला'. मराठीत हे लगेच कळते, कारण आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' आहेत. 'आपण जेवू या' आणि 'आम्ही जेवतो' यांतला फरक आपल्या लहान मुलालाही कळतो. 'यु' आणि 'मी' हे शब्द इंग्रजीचे आहेत, पण 'युमी' आणि 'मीपेला' यांतला भेद मजुरांच्या स्वतःच्या मेलानेशियन भाषांतून आला. शब्द मालकाचे आणि त्यांची मांडणी मजुराची, असे या भाषांत वारंवार दिसते.

६. म्हणजे व्याकरण मुले घडवतात की मोठी माणसे?

यावर मोठा वाद झाला. डेरेक बिकर्टन यांनी हवाई बेटांच्या उदाहरणावरून १९८१ मध्ये असे मांडले, की चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपीन्स इत्यादी देशांतून आलेल्या मळेकऱ्यांचे पिजिन इतके विस्कळीत होते की त्यांच्या मुलांना त्यातून नियम सापडणे शक्यच नव्हते. मुलांनी एका पिढीत आपल्या जन्मजात भाषाक्षमतेच्या बळावर नवे व्याकरण उभे केले. ही कल्पना फार आकर्षक आहे आणि अनेक पाठ्यपुस्तकांत ती अजून जशीच्या तशी दिली जाते.

नंतर सारा रॉबर्ट्स यांनी हवाईच्या जुन्या कागदपत्रांचा शोध घेतला, तेव्हा चित्र बदलले. तेथे जन्मलेली पहिली पिढी बहुतांशी आईवडिलांची भाषाही बोलत होती. क्रिओल म्हणावी अशी बांधणी पक्की झाली ती मुख्यतः त्यांच्या पुढच्या पिढीत. टोक पिसिनचा पुरावाही याच बाजूचा आहे, कारण 'बाइ' चे रूपांतर मुले येण्याआधीच सुरू झाले होते. मला स्वतःला असे वाटते, की मोठी माणसे रोजच्या वापराने वाट पाडतात आणि मुले त्या वाटेवरून धावतात. धावल्यामुळेच ती वाट घट्ट होते. पण ज्या समाजात मोठ्यांनी वाट पाडायच्या आतच मुले जन्माला आली, तेथे मुलांचा वाटा अधिक असला पाहिजे. कोर्लईचे उदाहरण बहुधा त्या प्रकारचे आहे (प्रश्न ९).

७. मग टोक पिसिनला आज पिजिन म्हणायचे की क्रिओल?

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि व्याख्येचा कच्चा दुवा येथेच आहे. एक लाखाहून अधिक लोकांची ती पहिली भाषा आहे. त्यांच्यासाठी ती क्रिओल. लाखो लोक ती घराबाहेर बोलतात. त्यांच्यासाठी ती पिजिन, तीही पूर्ण वाढलेली. अशा भाषेला अभ्यासक 'विस्तारित पिजिन' म्हणतात. दोघांच्या व्याकरणात फार मोठी दरी नाही, त्यामुळे निव्वळ एखादे वाक्य ऐकून बोलणारा कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. पिजिन आणि क्रिओल यांतला फरक आधी समाजातला असतो. व्याकरणातला फरक त्याच्या मागून आणि हळूहळू येतो.

८. पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षे राहिले. येथे पोर्तुगीज क्रिओल का झाली नाही?

कारण पिजिनला लागणारी पहिली अटच येथे नव्हती. प्रश्न १ मध्ये म्हटल्याप्रमाणे, स्थानिक लोकांजवळ आपसांत बोलायला सामाईक भाषा नसावी लागते. सामोआच्या मळ्यावरच्या मजुराला शेजारच्या मजुराशी बोलायला पिजिन लागले. बार्देशातल्या माणसाला सासष्टीतल्या माणसाशी बोलायला पोर्तुगीजची काय गरज? दोघांजवळ कोकणी होती. ज्याला पोर्तुगीज लागे तो अधिकारी, पाद्री आणि वकील यांच्याशी बोलण्यासाठी ती शिके आणि बाकीचे आयुष्य कोकणीत काढी.

दुसरे कारण असे, की गोवा ही राजधानी होती. चर्च, न्यायालय, छापखाना आणि पुढे लिसेव यांमुळे प्रमाण पोर्तुगीज सतत कानावर आणि डोळ्यांसमोर होती. नवे व्याकरण रुजायला मूळ भाषा काहीशी हाताबाहेर असावी लागते. येथे बोलणारा चुकला की सुधारणारा शिक्षक होता. १५१० नंतर पोर्तुगीज शिपाई आणि स्थानिक स्त्रिया यांच्या विवाहांतून जी घरे उभी राहिली, त्यांत वेगळ्या धाटणीची पोर्तुगीज नक्कीच बोलली गेली. पण आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद (१८५५–१९२२) यांनी भारत आणि श्रीलंकेतील पोर्तुगीज बोलींचा अभ्यास केला तोवर, गोव्यातली ही बोली दमण किंवा श्रीलंकेतल्या बोलींच्या मानाने प्रमाण पोर्तुगीजच्या बरीच जवळ आली होती.

१६८४ चा हुकूम हा येथला बोलका पुरावा आहे. व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. कोकणीला या धोरणाने मोठी जखम झाली, पण लोकांनी घरात पोर्तुगीज आणली नाही. हुकमाने दडपशाही होते. नवी घरची भाषा मात्र त्याने होत नाही, कारण त्यासाठी आईवडिलांना एकमेकांशी बोलायला दुसरी भाषा नसावी लागते.

९. कोर्लईत अजून पोर्तुगीज क्रिओल बोलतात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्यासमोर, कुंडलिका नदीच्या मुखाशी, कोर्लईचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलतात तिला तेथील लोक 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी आहेत.

चौलला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ठाणे केले आणि समोरची टेकडी १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकली. तेथे पोर्तुगीज शिपाई होते आणि त्यांच्या घरांत धर्मांतरित स्थानिक स्त्रिया, नोकर आणि गुलाम होते. मुले त्या घरांत जन्मली. म्हणजे टोक पिसिनप्रमाणे मळ्यावर दोन-तीन पिढ्या रुळून मग घरात, असा क्रम येथे दिसत नाही. बोली जवळजवळ आरंभापासूनच घरात होती.

१७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, आणि हिशेबाने ही बोलीही दोन पिढ्यांत मराठीत विरघळायला हवी होती. ती टिकली याचे कारण जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी तेथील समाजाच्या रचनेत दाखवले आहे. धर्मामुळे या लोकांचे लग्नसंबंध आसपासच्या हिंदू समाजाशी होत नव्हते, आणि जातीमुळे इतर ख्रिश्चनांशीही होत नव्हते. सगळी लग्ने वस्तीच्या आत होत असल्यामुळे प्रत्येक घरात आई आणि वडील दोघेही तीच भाषा बोलत. लाए शहरात मिश्र विवाहांनी क्रिओल जन्माला घातली, आणि कोर्लईत अंतर्गत विवाहांनी ती जपली.

तिच्यावर मराठीचा हात किती फिरला आहे, हे वाक्यरचनेत दिसते. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीचा कल मात्र मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी ठेवण्याकडे झाला आहे. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, त्यांचा उच्चार घासलेला, आणि क्रम आपला.

१०. कोकणीत आणि मराठीत इतके पोर्तुगीज शब्द आहेत. मग याही क्रिओल ठरतात का?

नाही. 'पगार', 'चावी', 'बादली', 'घमेले', 'बटाटा' हे शब्द आपण पोर्तुगीजमधून घेतले, पण 'बादलीत', 'चावीने', 'पगारातून' असे म्हणताना प्रत्यय आपलेच लावले. कोकणीतल्या 'जनेल' आणि 'कदेल' यांचेही तसेच. शब्द उसने घेतल्याने घरातले सामान बदलते, पाया तोच राहतो.

११. मराठी स्वतःच मुळात क्रिओल होती, असे कोणी म्हटले आहे का?

होय. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ही शक्यता मांडली, की आर्य आणि द्राविड भाषा बोलणाऱ्यांच्या प्राचीन संपर्कात पिजिनसारखी अवस्था येऊन गेली असावी आणि मराठीत तिच्या खुणा उरल्या असाव्यात. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद द्राविड भाषांत आहे आणि उत्तरेकडच्या बहुतेक आर्य भाषांत नाही, हा अशा विचाराला बळ देणारा मुद्दा आहे.

मला हा प्रश्न मोलाचा वाटतो, पण उत्तर पटत नाही. पिजिनच्या अवस्थेत सर्वांत आधी गळतात ती लिंगे आणि विभक्तीची रूपे. रुसेनॉर्स्कमध्ये एका 'पो' ने सगळे भागवले. मराठीने मात्र संस्कृतातली तिन्ही लिंगे जपली, जी हिंदीनेही टिकवली नाहीत. 'घोडा' चे 'घोड्याला', 'झाड' चे 'झाडाला', 'माळ' चे 'माळेला' होताना आपण जे सामान्यरूप करतो, ते जुन्या विभक्तींचे थेट वंशज आहे. पिजिनच्या गाळणीतून एवढे सामान सहीसलामत बाहेर येणे अवघड आहे.

संपर्काने व्याकरण बदलते पण पिजिन होत नाही, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचे आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तेथे दाखवले, की कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे पिढ्यानपिढ्या शेजारी राहिल्यामुळे त्या गावातल्या तिन्ही भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली. शब्द मात्र प्रत्येकाने आपले ठेवले. तेथे लोक एकमेकांची भाषा शिकत होते, म्हणून कामापुरती नवी बोली लागलीच नाही. साउथवर्थ यांनी मराठीत ज्या खुणा पाहिल्या, त्या मला अशा शेजाराच्या वाटतात.

१२. भारतात आज एखादे पिजिन घरची भाषा होताना दिसते का?

नागालँडमधली नागामीज पाहावी. तेथील नागा जमातींच्या भाषा परस्परांना कळत नाहीत, आणि बाजारात व प्रवासात असमिया शब्दांवर उभी असलेली ही बोली चालते. दिमापूर परिसरातल्या कचारी समाजातील काहींची ती पहिली भाषा आहे. पापुआ न्यू गिनीशी साम्य उघड आहे: अनेक लहान भाषा, त्यांना जोडणारे बाजाराचे शहर, आणि शहरातले मिश्र विवाह.

मुंबईच्या हिंदीविषयीही विचारले जाते. तिच्यात लिंगाचे नियम सैल झाले आहेत हे खरे, पण शाळा आणि चित्रपट यांच्याद्वारे प्रमाण हिंदी सतत शेजारी असल्यामुळे ती तिच्यापासून तुटत नाही. गोव्यातल्या पोर्तुगीजचे जे झाले (प्रश्न ८), त्याच प्रकारात ती मोडते.

१३. क्रिओल मरते का? कोर्लईची भाषा टिकेल का?

मरते, आणि ती आली त्याच दाराने जाते. कोचीजवळ वायपीन येथे पोर्तुगीज क्रिओल अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस २०१० मध्ये वारला. तेथील घरे आधीच मल्याळम आणि इंग्रजीकडे वळली होती.

कोर्लईत शाळा मराठी आहे, नोकऱ्या बाहेर आहेत, आणि लग्ने वस्तीबाहेर होऊ लागली की घरात दुसरी भाषा येते. म्हणून तेथे जाणाऱ्याने किती वृद्धांना भाषा येते हे मोजण्यात वेळ घालवू नये. संध्याकाळी ओट्यावर बसावे आणि पाच वर्षांचे मूल रडत घरात गेले की त्याची आई त्याला कोणत्या भाषेत हाक मारते, आणि ते तिला कोणत्या भाषेत उत्तर देते, तेवढे ऐकावे.